फोटोतलं पान आणि सहा दिवसांची रजा

तोक्योच्या एदोगावा भागातलं निशिकासाई हे भारतीयांच्या वस्तीसाठी ओळखलं जातं. तिथून रोज सकाळी मेट्रो पकडून कामाला जाणाऱ्यांत मराठी माणसंही आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांनी पुण्यात जपानीचे धडे गिरवलेले असतात. त्यांना रोजचं बोलणं जमतं, ईमेल लिहिता येतं, मीटिंगही निभावते. अडचण येते ती गावी जायची वेळ आली की. रजेचे नियम कंपनीच्या नियमावलीत असतात आणि तिथली जपानी भाषा बोलण्यातली नसते. ती कायद्याची भाषा असते. मग कुणीतरी सहकारी त्या फाइलमधलं एक पान उघडतो, मोबाईलवर फोटो काढतो आणि पाठवून देतो. तो फोटो समोर ठेवून मॅनेजरला अर्ज लिहायचा असतो.

या नियमावलीला जपानीत ‘श्यूग्यो किसोकु’ म्हणतात. १९४७ च्या श्रममानक कायद्यानुसार, ज्या कार्यालयात किंवा कारखान्यात नेहमी १० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतात, त्या मालकाला ही नियमावली लिहून सरकारी कामगार निरीक्षण कार्यालयात दाखल करावी लागते. शिवाय ती कामगारांना केव्हाही पाहता येईल अशी ठेवावी लागते. म्हणून फोटोतलं पान अपुरं वाटलं तर पूर्ण प्रत मागण्यात संकोच करण्याचं कारण नाही. ती दाखवणं ही कंपनीची जबाबदारीच आहे. सवलत म्हणून ती मिळत नसते.

उदाहरणासाठी एक प्रसंग धरू. सांगलीची एक तरुणी १ एप्रिल २०२५ रोजी तोक्योतल्या एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत रुजू झाली. तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न बुधवारी, २५ नोव्हेंबर २०२६ रोजी सांगलीत आहे. हळद, लग्न, पूजा, पाठवणी हे सगळं धरून तिला गुरुवार १९ नोव्हेंबरपासून रविवार २९ नोव्हेंबरपर्यंत तिकडे राहायचं आहे आणि सोमवारी ३० तारखेला पुन्हा कामावर यायचं आहे. हातात नियमावलीच्या एका पानाचा फोटो आहे.

पहिला मसुदा तिनं शाळेत शिकवलेल्या पत्रासारखा लिहिला. ‘वरील विषयास अनुसरून विनंती करते की’ अशी सुरुवात, मग घरात मोठी मुलगी ती एकटीच, वडिलांची तब्येत बरी नसते, लग्नघरात कामाला माणूस नाही, तरी ११ दिवसांची रजा मंजूर करून उपकृत करावं, असा मजकूर. भावना खरी आणि भाषा नम्र. पण या पत्रात मॅनेजरला हव्या असलेल्या गोष्टी जवळजवळ नाहीत, आणि जे ११ दिवस मागितलेत तेही चुकीचे आहेत. त्यातली चूक कुठे आहे ते फोटोतलं पान नीट वाचल्यावर कळतं.

वाचण्याआधी फोटोच तपासावा लागतो. जपानी अक्षरांत एक, दोन आणि तीन हे आकडे म्हणजे एकाखाली एक आडव्या रेघा. फोटो हललेला असेल किंवा कागदावर घडी पडलेली असेल तर दोनाचा एक होतो, नाहीतर तिनाचा दोन. याहून फसवी एक जोडी आहे. ‘अखेर’ दाखवणारं एक अक्षर आणि ‘अजून नाही’ दाखवणारं दुसरं, दोन्हींत उभ्या दांड्यावर दोन आडव्या रेघा असतात. वरची रेघ लांब असली तर अर्थ अखेर, खालची लांब असली तर अजून नाही. नियमावलीत पहिलं अक्षर ‘महिनाअखेर’ या शब्दात येतं आणि दुसरं ‘अमुक दिवसांपेक्षा कमी’ या शब्दात. धूसर फोटोत ही दोन्ही एकसारखी दिसतात आणि मुदतीचा अर्थच बदलतो. म्हणून असा शब्द आला की फोटो मोठा करून रेघांची लांबी पाहायची. शंका राहिलीच, तर अंदाज न बांधता त्या ओळीचा दुसरा फोटो मागायचा.

तिच्या फोटोत पानाची खालची कड कापली गेली होती. शेवटच्या दिसणाऱ्या ओळीची सुरुवात ‘तादाशि’ या शब्दानं होत होती आणि पुढे कागद संपलेला. ‘तादाशि’ म्हणजे ‘मात्र’. जपानी नियमांत आधी सर्वसाधारण नियम सांगतात आणि अपवाद या शब्दापासून सुरू होतो. हा शब्द दिसला आणि पुढचं वाक्य दिसलं नाही, तर पान समजलं असं म्हणता येत नाही. तिनं सहकाऱ्याकडून खालचा भाग आणि त्यामागचं पान मागवलं. मागचं पान मागवण्याचं कारण वेगळं. ‘कामाचा दिवस’ म्हणजे कोणता, याची व्याख्या बहुधा आधीच्या एखाद्या कलमात असते. पानाच्या माथ्यावर दुरुस्तीची तारीखही असते. ती जपानी सम्राटाच्या कारकिर्दीनुसार लिहिलेली असू शकते. सध्याची रेइवा कारकीर्द २०१९ मध्ये सुरू झाली, म्हणून रेइवा ८ म्हणजे २०२६. फोटोवर रेइवा ३ असं असेल तर ते पान २०२१ चं आहे, आणि त्यानंतर नियम बदलले आहेत का हे विचारून घ्यावं लागतं.

आता पानावर काय होतं ते पाहू. पहिलं कलम भरपगारी वार्षिक रजेचं. ही ‘नेंजी यूक्यू क्यूका’, बोलताना नुसती ‘यूक्यू’. कायद्यानं ठरवलेलं किमान प्रमाण असं: ६ महिने सलग नोकरी झाली आणि त्या काळातल्या कामाच्या दिवसांपैकी ८० टक्के दिवस हजेरी असली, की पूर्णवेळ नोकरदाराला १० दिवस मिळतात. दीड वर्षानं ११, अडीच वर्षांनी १२, आणि पुढे वाढत वाढत साडेसहा वर्षांनंतर २०. वापरली नाही तर रजा पुढच्या वर्षी जाते, पण मिळाल्यापासून २ वर्षांनी ती बाद होते.

या तरुणीचा हिशेब यावरून मांडता येतो. १ ऑक्टोबर २०२५ रोजी तिला १० दिवस मिळाले. वर्षभरात तिनं ६ वापरले, ४ उरले. १ ऑक्टोबर २०२६ रोजी त्यांत ११ दिवसांची भर पडली. एकूण १५. जुने ४ दिवस सप्टेंबर २०२७ अखेरपर्यंतच चालतील. हा आकडा पगाराच्या पावतीवर किंवा हजेरीच्या संगणकीय नोंदीत दिसतो. अर्ज लिहिण्याआधी तो तिथे पडताळून घेतला की पुढचं सगळं सोपं होतं.

रजा मोजायची ती कामाच्या दिवसांत, कॅलेंडरच्या दिवसांत नव्हे. १९ ते २९ नोव्हेंबर हे ११ दिवस दिसतात. त्यांत २१ आणि २२ शनिवार-रविवार. २३ तारखेला, सोमवारी, जपानमध्ये श्रम-कृतज्ञता दिनाची सार्वजनिक सुट्टी असते. २८ आणि २९ पुन्हा शनिवार-रविवार. उरले १९, २०, २४, २५, २६ आणि २७. म्हणजे रजा फक्त ६ दिवसांची. पहिल्या मसुद्यात ११ दिवस मागून तिनं स्वतःच्या शिलकीतले ५ दिवस उगाचच पणाला लावले होते, आणि मॅनेजरच्या मनात जवळजवळ दोन आठवडे माणूस नाही असं चित्र उभं केलं असतं ते वेगळंच.

या सहांतला एक दिवस वेगळ्या खात्यातून येऊ शकत होता. पानावरचं चौथं कलम लग्नकार्य आणि दुखवटा यांच्या खास रजेचं होतं. ही रजा कायद्यानं सक्तीची केलेली नाही. ती द्यायची का, किती दिवस द्यायची, तिचा पगार द्यायचा की नाही, हे प्रत्येक कंपनी आपापल्या नियमावलीत ठरवते. या कंपनीच्या पानावर स्वतःच्या लग्नाला ५ दिवस आणि भावंडाच्या लग्नाला १ दिवस असं होतं, दोन्ही भरपगारी. आणि फोटोत कापलं गेलेलं ‘मात्र’ वाक्य नेमकं इथलंच होतं. भावंडाच्या लग्नाची रजा प्रत्यक्ष लग्नाच्या दिवशीच घेता येईल, तो दिवस सुट्टीचा असला तर बदली दिवस मिळणार नाही, आणि कंपनीनं मागितल्यास पुरावा द्यावा लागेल. लग्न बुधवारी असल्यामुळे तिला तो दिवस मिळत होता. तेच लग्न रविवारी असतं तर या कलमाचा तिला काहीच उपयोग नव्हता.

म्हणजे एकाच अर्जात दोन प्रकारच्या रजा: ५ दिवस वार्षिक आणि १ दिवस खास. या दोन्हींचं कायदेशीर रूप मुळात वेगळं आहे, आणि अर्जाची भाषा त्यावरच ठरते.

वार्षिक रजा ही नोकरदार मागतो आणि मालक देतो अशी गोष्ट जपानच्या कायद्यात नाही. हक्क आधीच निर्माण झालेला असतो. नोकरदार फक्त दिवस सांगतो. जपानच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७३ मध्ये हे स्पष्ट केलं आणि रजेचा वापर कशासाठी करायचा हा नोकरदाराचा प्रश्न आहे, मालकानं त्यात हात घालू नये, असंही सांगितलं. म्हणून अर्जाच्या नमुन्यात ‘कारण’ अशी चौकट असली तरी हजारो जपानी कर्मचारी तिथे ‘शियो नो तामे’, म्हणजे ‘खासगी कामासाठी’, एवढंच लिहितात आणि ते पुरतं. वडिलांची तब्येत, घरातली अडचण हे मॅनेजरला सांगण्याची तिला गरज नव्हती. सांगायचं असेल तर तोंडी, आपुलकीनं सांगता येतं. कागदावर ते आलं की खासगी माहिती कंपनीच्या नोंदीत कायमची राहते.

खास रजेचं उलट आहे. ती कंपनीच्या नियमानं मिळते, म्हणून तिथे कारण सांगावंच लागतं: कुणाचं लग्न, नातं काय, तारीख कोणती. पुराव्यासाठी लग्नपत्रिका चालते का, हे आधी विचारलेलं बरं. मराठी पत्रिका मॅनेजरला वाचता येणार नाही, तेव्हा नावं आणि तारीख यांचं दोन ओळींचं जपानी किंवा इंग्रजी भाषांतर सोबत जोडावं लागतं.

मग मालकाच्या हातात काय उरतं? दुसऱ्या कलमात त्याचा उल्लेख होता. सांगितलेल्या दिवशी रजा दिल्यानं कामकाजाच्या सुरळीतपणाला बाधा येत असेल, तर कंपनी ती रजा दुसऱ्या काळात घ्यायला सांगू शकते. या अधिकाराला ‘जिकी हेन्कोकेन’ म्हणतात. रजा नाकारण्याचा अधिकार मात्र यात नाही, वेळ बदलण्यापुरताच तो आहे. ‘सध्या काम जास्त आहे’ एवढ्या कारणावर तो वापरता येत नाही. त्या माणसाशिवाय काम खरोखर अडतं आणि बदली माणसाची सोय करायचा प्रयत्न करूनही होत नाही, असं दाखवावं लागतं. नियमावलीच्या वाक्याचा शेवट इथे काळजीपूर्वक पाहावा लागतो. जपानीत क्रियापद शेवटी येतं, आणि ‘करू शकतो’, ‘केलंच पाहिजे’, ‘कधीकधी करतो’ यांतला फरक त्या शेवटच्या दोन-चार अक्षरांत असतो. फोटोत ओळीचं टोक कापलं गेलं तर कंपनीला सवलत आहे की सक्ती, हेच कळत नाही.

सलग लांब रजेला मात्र एक मर्यादा आहे आणि परदेशातून गावी जाणाऱ्यांनी ती ओळखून असावं. जिजी या वृत्तसंस्थेतल्या एका पत्रकारानं १९८० मध्ये सुमारे महिनाभराची सलग रजा सांगितली होती. कंपनीनं दोन-दोन आठवड्यांचे दोन भाग करायला सांगितलं, तो तरीही गेला आणि त्याच्यावर कारवाई झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. १९९२ मध्ये न्यायालयानं कंपनीच्या बाजूनं कौल दिला. लांब सलग रजेसाठी आधी कंपनीशी बोलून वेळ जुळवायला हवी आणि तशी न जुळवल्यास वेळ बदलण्यात कंपनीला बरीच मोकळीक राहते, असा त्याचा आशय. सहा दिवसांची रजा काही महिनाभराची नव्हे. तरी विमानाचं तिकीट आधी काढून मग अर्ज देणं किती जोखमीचं आहे, ते या निकालावरून समजतं.

राहिलं तिसरं कलम, मुदतीचं. एक-दोन दिवसांच्या रजेसाठी आदल्या दिवशी कळवलं तरी चालेल. सलग ५ किंवा अधिक कामाच्या दिवसांसाठी मात्र ‘साधारणपणे २ आठवडे आधी’ कळवावं, असं त्यात होतं. ‘५ किंवा अधिक’ यात पाचही धरला जातो, ‘५ हून जास्त’ असं असतं तर धरला गेला नसता. तिची रजा ६ दिवसांची, म्हणून नियम लागू. १९ नोव्हेंबरच्या २ आठवडे आधी म्हणजे ५ नोव्हेंबर, गुरुवार. त्या आठवड्यात ३ तारखेला संस्कृती दिनाची सुट्टी आहे आणि मॅनेजरला टीमचं वेळापत्रक बसवायला वेळ हवा. तिनं अर्ज सोमवारी, १९ ऑक्टोबरला दिला, बरोबर एक महिना आधी. देण्यापूर्वी मॅनेजरला पाच मिनिटं भेटून तारखा तोंडी सांगितल्या. जपानी कार्यालयांत कागद पुढे सरकवण्यापूर्वी असं बोलून घेण्याची पद्धत आहे, आणि तारखांची अडचण असली तर ती तिथेच कळते.

तिनं जपानीत लिहिलेल्या अर्जाचा मजकूर मराठीत आणला तर असा होतो:

विषय: रजेची सूचना, १९ ते २७ नोव्हेंबर

ओत्सुकारेसामा देस.

सोमवारी तोंडी सांगितल्याप्रमाणे पुढील दिवशी मी रजा घेत आहे.

वार्षिक रजा: १९, २०, २४, २६ आणि २७ नोव्हेंबर, एकूण ५ दिवस. कारण: खासगी.

खास रजा: २५ नोव्हेंबर, १ दिवस. कारण: सख्ख्या धाकट्या बहिणीचा विवाह (भारत). लग्नपत्रिका आणि तिचं भाषांतर सोबत जोडलं आहे.

कामावर परत: सोमवार, ३० नोव्हेंबर.

माझ्याकडील चाचणीचं काम १८ तारखेपर्यंत पूर्ण होईल. ग्राहकाच्या शंकांना माझ्या अनुपस्थितीत कोणी उत्तर द्यायचं, हे टीममधील सहकाऱ्याशी ठरलं आहे. कामाच्या हस्तांतराची नोंद १६ तारखेला सामायिक फोल्डरमध्ये ठेवते. तातडीच्या प्रसंगी ईमेलवर संपर्क करावा. भारताची वेळ जपानपेक्षा साडेतीन तास मागे आहे.

तारखांमुळे कामात अडचण येत असल्यास कृपया लवकर कळवावं.

योरोशिकु ओनेगाई इताशिमास.

यात एकही वाक्य शोभेचं नाही. दोन्ही रजा वेगळ्या ओळीत आहेत, कारण दोन्हींची नोंद वेगळ्या खात्यात होते. कामाच्या हस्तांतराला जपानीत ‘हिकित्सुगी’ म्हणतात. तो परिच्छेद या अर्जात सर्वांत लांब आहे आणि तसाच असायला हवा. मॅनेजरला वेळ बदलायला सांगायची झाली तर कामकाजाला बाधा येते हे दाखवावं लागेल, आणि या परिच्छेदानं ती बाधा आधीच दूर केली आहे. ‘ईमेलवर संपर्क करावा’ हेही विचारपूर्वक लिहिलं आहे. लग्नघरात दिवसभर फोन उचलत बसायचं नाही, पण अगदी गायबही व्हायचं नाही.

मॅनेजरनं तरीही तोंड वाकडं केलं तर? जपानमध्ये लोक रजा कमी घेतात हे खरं आहे. सरकारी पाहणीनुसार २०२३ मध्ये मिळालेल्या रजेपैकी सुमारे ६५ टक्केच वापरली गेली, आणि हाही तोवरचा उच्चांक होता. म्हणूनच एप्रिल २०१९ पासून ज्यांना वर्षाला १० किंवा अधिक दिवस मिळतात त्यांनी किमान ५ दिवस रजा घेतली आहे, हे पाहण्याची कायदेशीर जबाबदारी मालकावर टाकली आहे. ती पाळली नाही तर ३ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. रजा घेतली म्हणून पगार किंवा बोनस कापणं, बढती अडवणं असं काही करू नये, असंही कायदा सांगतो. वाद उभा राहिलाच तर श्रम मंत्रालयाची परदेशी कामगारांसाठी फोनवर सल्ला देणारी सेवा आहे. तिथे इंग्रजीत बोलता येतं.

रजेनंतर एक काम उरतं. त्या महिन्याची पगाराची पावती आली की शिल्लक रजेच्या रकान्यात १० हा आकडा दिसायला हवा, म्हणजे १५ मधून ५ वजा. तिथे ९ दिसले तर २५ तारखेची खास रजा वार्षिक रजेतून कापली गेली आहे. आणि पगारात एका दिवसाची कपात दिसली तर ती गैरहजेरी म्हणून नोंदली गेली आहे. दोन्ही चुका नोंद करणाऱ्याच्या हातून सहज होतात. अर्जाची प्रत आणि चौथ्या कलमाचा फोटो, या वेळी खालच्या ‘मात्र’ वाक्यासह पूर्ण, मनुष्यबळ विभागाला पाठवला की पुढच्या महिन्याच्या हिशेबात त्या दुरुस्त होतात.